स्प्लाइन आयके रिग बिघडला: साप पिळतो, उलटतो, ताणला जातो तेव्हा काय तपासायचं

साप, शेपटी किंवा ऑक्टोपसचा हात ब्लेंडरमध्ये रिग करताना स्प्लाइन आयके वापरलं की ठरावीक बिघाड पुन्हा पुन्हा समोर येतात. मी असे रिग नियमितपणे दुरुस्त करतो आणि तपासणीचा क्रम आता पक्का झाला आहे: आधी एका क्लिकमध्ये कळणाऱ्या गोष्टी, मग मोजणी, आणि रिगची मोडतोड करावी लागेल असं काही अगदी शेवटी. मेनूंची नावं २.८ नंतरच्या ब्लेंडरमधली आहेत.

उदाहरण म्हणून एकच रिग शेवटपर्यंत डोळ्यासमोर ठेवू. मोठ्या धामणीएवढा, २.४ मीटर लांबीचा साप. एक लांब बोन घेऊन तिचे Subdivide ने २३ काप केले, म्हणजे प्रत्येकी १० सेंटिमीटरच्या २४ सारख्या बोन झाल्या. त्यांच्यावरून जाणारी ७ बिंदूंची नर्ब्ज कर्व्ह आहे, दर ४० सेंटिमीटरला एक बिंदू. प्रत्येक बिंदूला हुकने जोडलेली एक कंट्रोल बोन आहे. दर तीन ते पाच बोनांमागे एक कंट्रोल हे प्रमाण बहुतेक कामांना पुरतं.

## आधी लक्षणं

तुमच्या रिगमध्ये यातलं नेमकं काय होतंय ते ओळखा.

- फक्त शेवटची बोन कर्व्हवर बसते, बाकीचं शरीर सरळच राहतं.
- कन्स्ट्रेंट लावताच साप उलटा होतो, शेपटीचं टोक मुळाच्या जागी जातं.
- बोनांची साखळी बरोबर चालते, पण मेश तिच्यापासून सुटते, फुगते किंवा दुप्पट सरकते.
- पूर्ण रिग उचलून दुसरीकडे नेला की शरीराचा एखादा भाग मागेच राहतो.
- वळण घेताना साप रबरासारखा लांबतो किंवा आखडतो.
- पोटाकडचे खवले हळूहळू वर येतात, किंवा एखाद्या फ्रेमला शरीर एकदम गर्रकन पिळतं.
- कंट्रोल हलवल्यावर साखळी एक फ्रेम उशिरा हलते, किंवा रेंडरमध्ये स्क्रीनवरच्यापेक्षा वेगळी दिसते.

पिळाची तक्रार सगळ्यांत जास्त येते आणि तिच्यावरच सगळ्यांत जास्त वेळ चुकीच्या जागी जातो. म्हणून खाली तिला सर्वाधिक जागा दिली आहे. पण आधीच्या तपासण्या ओलांडून थेट तिथे जाऊ नका. स्केल किंवा हुक बिघडलेले असताना पीळ सोडवायला बसलात, तर एकाच वेळी दोन कारणांशी झगडावं लागतं.

## १. कन्स्ट्रेंट कुठे आहे आणि किती बोन मोजतोय

स्प्लाइन आयके साखळीच्या शेवटच्या बोनवर लागतो आणि तिथून मुळाकडे मोजत जातो. `Chain Length` मध्ये शेवटची बोनही धरलेली असते. नवा कन्स्ट्रेंट 1 आकडा घेऊन येतो, त्यामुळे लावल्यावर फक्त टोक हलतं. साध्या इनव्हर्स किनेमॅटिक्समध्ये 0 म्हणजे पूर्ण साखळी, ही सवय इथे चालत नाही. आपल्या सापाला `24` लिहावं लागेल.

आकडा जास्त झाला तरी त्रास होतो. साखळीच्या वर कंबरेची किंवा मुळाची बोन असेल तर तीही कर्व्हवर ओढली जाते आणि अख्खं पात्र वेडंवाकडं होतं. Subdivide केलेल्या बोनांच्या नावांमागचे आकडे शरीराच्या क्रमानेच असतील असं धरू नका. बोन स्क्रीनवर डोळ्यांनी मोजा.

बोनांची संख्या किंवा लांबी नंतर बदलली असेल, तर कन्स्ट्रेंट काढून पुन्हा लावा. कोणती बोन कर्व्हच्या किती टक्क्यांवर बसणार याची नोंद कन्स्ट्रेंट जवळ ठेवतो, आणि ती नोंद जुन्या मापांवरची राहू शकते. काढून लावायला अर्धं मिनिट लागतं, आणि बोनांमधली विचित्र अंतरं बऱ्याचदा एवढ्यानेच जातात.

## २. कर्व्हची दिशा

साखळीचं मूळ नेहमी कर्व्हच्या सुरुवातीला बसतं. कर्व्ह टोकाकडून मुळाकडे काढली गेली असेल तर साप उलटणारच. कर्व्हच्या एडिट मोडमध्ये जाऊन ओव्हरले मेनूत `Normals` चालू करा; बाणांवरून दिशा दिसते. उलटी असेल तर सगळे बिंदू निवडून `Switch Direction` चालवा.

इथेच दोन गोष्टी पाहून घ्या. कर्व्ह ऑब्जेक्टमध्ये एकच सलग रेषा हवी, सुटे तुकडे नकोत. नर्ब्ज असेल तर `Endpoint U` चालू हवं, नाहीतर कर्व्ह पहिल्या आणि शेवटच्या बिंदूपर्यंत पोचतच नाही आणि साखळीचं मूळ जागेवरून सरकतं. मूळ सरकलेलं दिसलं की काही जण `Chain Offset` चालू करतात. त्याने साखळी आपल्या मूळ जागी राहते खरी, पण मग ती कर्व्हला समांतर चालते, कर्व्हवर नाही. कर्व्हची सुरुवात पहिल्या बोनच्या मुळावर नेऊन ठेवणं हाच उपाय आहे.

## ३. मेश दुप्पट का हलते

साखळी योग्य आणि मेश बिघडलेली असेल तर स्प्लाइन आयकेच्या सेटिंगना हातही लावू नका. कंट्रोल बोन निवडून बोन प्रॉपर्टीजमध्ये `Deform` ची खूण पाहा. ती चालू असताना Automatic Weights ने मेश जोडली असेल, तर सातही कंट्रोल बोनांना वजन मिळालेलं असतं. मेश मग दोन मालकांचं ऐकते: साखळीचं आणि थेट कंट्रोलचं.

सातही कंट्रोलांवरची खूण काढा. पुढे, आधीच रंगवलेल्या वजनांपैकी कंट्रोलांच्या नावाचे व्हर्टेक्स ग्रुप काढून उरलेलं वजन `Normalize All` ने नीट करा, किंवा वजन हाताने सुधारलेलं नसेल तर मेश पुन्हा जोडा. दुसरा मार्ग जास्त स्वच्छ.

## ४. स्केल

आर्मेचर, कर्व्ह आणि मेश तिन्ही एकेक करून निवडा आणि N पॅनलमध्ये स्केल पाहा. तिन्हीकडे 1 हवं. आर्मेचर 0.5 आणि कर्व्ह 1 असेल तर दोघांच्या लांबीचं माप एकमेकांशी जुळत नाही, आणि बोनांची जाडी, ताण, हुकची अंतरं सगळं संशयास्पद होतं. एका अक्षावर वेगळं स्केल असेल, म्हणजे 1, 1, 1.3 असं काही, तर वळणावर मेश तिरकी झुकते.

उपाय `Ctrl+A` आणि `Scale`. पण तो हुक लावण्याआधी आणि अॅनिमेशन करण्याआधीच. हुक लागलेले असतील तर नंतर प्रत्येक हुक `Reset` करावा लागतो. अॅनिमेशन झालेलं असेल तर कंट्रोलांच्या जागांच्या कीफ्रेम जुन्या मापातच राहतात आणि साप भलतीकडे जातो. तुमच्या फाइलमध्ये कीफ्रेम असतील तर इथे हात थांबवा आणि शेवटचा भाग वाचा.

## ५. हुक मोजा

शरीराचा एक भाग मागे राहत असेल तर बहुधा एका बिंदूला हुकच नाही. सात बिंदू, तर सात हुक. कर्व्हच्या मॉडिफायर यादीत हे मोजता येतं, पण ऑक्टोपसचे आठ हात असतील तर ही छोटी स्क्रिप्ट बरी पडते. आर्मेचर निवडून Text Editor मधून चालवा, उत्तर कन्सोलमध्ये येतं:

```python
import bpy
arm = bpy.context.object
for pb in arm.pose.bones:
    for c in pb.constraints:
        if c.type == 'SPLINE_IK' and c.target:
            hooks = [m.subtarget for m in c.target.modifiers
                     if m.type == 'HOOK']
            print(pb.name, c.chain_count, len(hooks), hooks)
```

एकाच कंट्रोलचं नाव दोनदा आलं तर दोन बिंदू एकाच बोनला बांधले गेलेत. हे फार सहज होतं, कारण `Hook to Selected Object Bone` ही आज्ञा आर्मेचरमध्ये त्या क्षणी जी बोन सक्रिय असेल तिलाच हुक लावते. दर बिंदूआधी पोझ मोडमध्ये जाऊन योग्य बोन सक्रिय करावी लागते, आणि ही पायरी गाळली की आधीच्याच बोनला दुसरा हुक बसतो.

कर्व्हच्या मॉडिफायर यादीत हुकांखेरीज `Armature` मॉडिफायर दिसला तर तो काढा. `Ctrl+P` करताना Armature Deform निवडलं गेलं की तो येतो, आणि मग बिंदूंना आर्मेचर एकदा आणि हुक एकदा, असं दोनदा हलवलं जातं. कर्व्हला आर्मेचर ऑब्जेक्टचं साधं अपत्य केलं तर मात्र काही बिघडत नाही. हुक आपलं गणित कर्व्हच्या सापेक्ष करतो, त्यामुळे दुप्पट हालचाल होत नाही.

## ६. रबरासारखा ताण

हा बिघाड नाही, सेटिंग आहे. `Y Scale Mode` हे `Fit Curve` वर असेल तर साखळी पूर्ण कर्व्ह भरून काढते, मग कर्व्ह कितीही लांब असो. आपल्या सापाचे कंट्रोल एकाआड एक ३० सेंटिमीटर बाजूला ओढले, तर शेजारच्या दोन कंट्रोलांमधलं अंतर ४० ऐवजी ५० सेंटिमीटर होतं. कंट्रोलांना जोडणारी रेघ २.४ वरून ३ मीटरची झाली. नर्ब्ज कर्व्ह आतून जाते म्हणून तिची लांबी ३ मीटरहून कमी राहील, पण २.४ हून नक्कीच जास्त. तेवढा साप लांबतो, आणि कंट्रोल सरळ केले की आखडतो. नागमोडी चालताना हे लगेच डोळ्यांना खटकतं.

साप आणि पाठीचा कणा असलेल्या प्राण्याची शेपटी यांसाठी `Y Scale Mode` मध्ये `None` ठेवा. अंगात शेकडो मणके असलेला प्राणी लांबत नाही. आता साखळी मुळापासून २.४ मीटर जाऊन थांबेल आणि शेवटचा कंट्रोल टोकाच्या थोडा पुढे राहील. ते योग्यच आहे. उलट परिस्थिती टाळा: कर्व्ह अंगापेक्षा आखूड झाली तर टोकाच्या बोनांना बसायला कर्व्हच उरत नाही. म्हणून शेवटचा कंट्रोल पहिल्यापासून टोकाच्या जरा पुढे ठेवण्याची सवय लावून घ्या.

ऑक्टोपसच्या हाताचं वेगळं. त्यात हाड नाही. स्नायू लांबतो तेव्हा बारीक होतो आणि एकूण आकारमान तेवढंच राहतं. तिथे `Fit Curve` ठेवून `XZ Scale Mode` मध्ये `Volume Preservation` निवडा. जाडी तरीही एखाद्या ठिकाणी अकारण बदलत असेल तर `Use Curve Radius` ची खूण काढून पाहा. कर्व्हच्या बिंदूंचा रेडियस कुणी तरी `Alt+S` ने बदललेला असू शकतो.

## ७. पीळ

स्प्लाइन आयके बोनला जागा आणि रोख देतो. बोन स्वतःच्या लांबीच्या अक्षाभोवती किती फिरलेली असावी, हे कर्व्ह सांगत नाही. कर्व्हच्या `Tilt` चा इथे काहीही परिणाम होत नाही, त्यामुळे `Ctrl+T` करत बसणं व्यर्थ आहे. एडिट मोडमध्ये सगळ्या बोनांचा रोल `Shift+N` ने एकसारखा करणं हा दुसरा लोकप्रिय उपाय, आणि तोही पीळ काढत नाही. मेशचं रूपांतर बोनच्या विश्रांती अवस्थेच्या सापेक्ष होतं, म्हणून रोल वेडावाकडा असला तरी त्याने मेश पिळत नाही. तो नीट असणं अॅनिमेशन करताना सोयीचं असतं, एवढंच.

मग बोनचा रोल ठरतो कसा? प्रत्येक बोन आधी आपल्या पालक बोनमागून साधी जशी आली असती तशी येते. तिथून कर्व्हच्या रोखाकडे वळायला जो सर्वांत छोटा कोन लागेल तेवढीच ती वळते, जास्तीचा पीळ घेत नाही. तिची अवस्था पुढच्या बोनला मिळते आणि हेच गणित टोकापर्यंत चालतं. पिळाची तिन्ही कारणं याच नियमातून निघतात.

कोणतं कारण तुमचं आहे ते ओळखायला आर्मेचरच्या ऑब्जेक्ट डेटा प्रॉपर्टीजमध्ये `Viewport Display` खाली `Axes` चालू करा. मग बिघडलेल्या जागेच्या आसपास बाणाच्या कळीने एकेक फ्रेम पुढे जा आणि X अक्षांवर नजर ठेवा. मुळाकडून पाहत या: सगळ्यांत आधी कोणत्या बोनचा X अक्ष उडी घेतो?

पहिल्याच बोनचा उडाला तर दोष मुळाच्या संदर्भात आहे. पहिली बोन कंबरेची अपत्य असते आणि तिचा मूळ रोख मागे असतो. शेपटी पाठीवर वळवून घेतली की कर्व्हची सुरुवात जवळजवळ पुढे रोखलेली असते, म्हणजे सुमारे १८० अंशांचं वळण. १८० अंशांना सर्वांत छोटा मार्ग एक राहत नाही. डावीकडून, उजवीकडून, वरून, सगळे सारखेच. कर्व्ह केसभर हलली की निवडलेला मार्ग बदलतो आणि अख्खी शेपटी गर्रकन फिरते. उपाय असा की साखळीच्या पहिल्या बोनला कंबरेऐवजी शेपटीच्या मुळाच्या कंट्रोलचं अपत्य करायचं, आणि अॅनिमेशनमध्ये तो कंट्रोल शेपटी जिकडे निघते तिकडे फिरवत राहायचं. पहिल्या बोनचा आधीचा रोख आता कर्व्हच्या जवळपास राहतो, वळण कायम छोटं राहतं, आणि उडी संपते. कंट्रोल स्वतः कंबरेचा अपत्य असल्याने शेपटी शरीरापासून सुटत नाही.

मधल्या बोनचा उडाला तर त्या ठिकाणी कर्व्ह फार तीव्र मोडते. बहुधा दोन कंट्रोल एकमेकांच्या अगदी जवळ आलेले किंवा एकमेकांना ओलांडून गेलेले असतात. ते दूर करा. तेवढी तीव्र घडी खरोखर हवी असेल तर त्या भागाला जास्त बोन लागतील. त्याचा हिशेब पुढच्या तपासणीत आहे.

कुठेच उडी नाही, पण टोकाकडे पोट हळूहळू वर येत असेल तर रिगमध्ये काहीच मोडलेलं नाही. हा भूमितीचा परिणाम आहे आणि तो स्वतःच्या हाताने पाहता येतो. उजवा हात शरीरालगत खाली सोडा, अंगठा समोर रोखलेला. मनगट न पिळता हात बाजूला खांद्याच्या उंचीला न्या. अंगठा अजून समोरच आहे. हात आडवाच ठेवून समोर आणा. अंगठा आता डावीकडे रोखला. हात खाली सोडा. हात पूर्वीच्याच जागी आला, पण अंगठा शरीराकडे वळलाय. कुठेही पीळ दिला नव्हता, तरी ९० अंशांचा फरक पडला. सापाचं शरीर खाली, मग उजवीकडे, मग पुढे आणि पुन्हा खाली असं गेलं तर शेवटच्या भागात नेमका हाच फरक दिसतो. जमिनीवर सपाट चालणाऱ्या सापात तो येत नाही, झाडावर चढणाऱ्या सापात येतोच. एकाच रंगाच्या शेपटीत तो लपतो; सापाच्या पोटावरचे रुंद आडवे खवले किंवा ऑक्टोपसच्या हातावरची चूषकं तो लगेच उघडा पाडतात.

यावर उलटा पीळ द्यावा लागतो, आणि साखळीतली बोन तिच्या स्थानिक Y अक्षावर फिरवली की तो त्या बोनपासून पुढे सगळीकडे लागू होतो. एकाच बोनवर ९० अंश दिले तर तिथे मेश मुरगळेल, म्हणून तो पसरवायचा. आपल्या सापात मुळाकडच्या ४ बोन सोडून उरलेल्या २० घ्या. त्यांतल्या एकीवर `Copy Rotation` लावा: लक्ष्य टोकाचा कंट्रोल, फक्त `Y` चालू, दोन्हीकडे `Local Space`, `Influence` `0.05`. `Order` मध्ये `YXZ` निवडा, कारण Y मधला अक्ष असलेल्या क्रमात ९० अंशांपुढे कोनाची वाचणी बिघडते. मग बाकीच्या १९ निवडून ही बोन सक्रिय ठेवा आणि `Copy Constraints to Selected Bones` चालवा. नमुना म्हणून टोकाची बोन घेऊ नका, नाहीतर तिचा स्प्लाइन आयकेही सगळ्यांवर उतरेल.

आता टोकाचा कंट्रोल Y वर ९० अंश फिरवला की प्रत्येक बोनला ४.५ अंश मिळतात आणि वीस बोनांत मिळून ९० पूर्ण होतात. मी नर्ब्ज पसंत करतो त्याचं एक कारण इथे आहे. प्रत्येक हुक एकाच बिंदूला धरतो आणि कंट्रोल बोनचं मूळ त्याच बिंदूवर असतं, त्यामुळे कंट्रोल फिरवल्याने कर्व्ह हलत नाही आणि ते फिरणं पिळासाठी मोकळं राहतं. बेझियर कर्व्हमध्ये त्याच हुकमध्ये हँडलही असतात, आणि कंट्रोल फिरवला की वळणाचा आकारही बदलतो.

## ८. वेटोळ्याला बोन पुरतात का

वेटोळं घातल्यावर आतली मेश चिमटली जात असेल तर कन्स्ट्रेंटकडे पाहू नका, भागाकार करा. १५ सेंटिमीटर त्रिज्येच्या वेटोळ्याचा परीघ सुमारे ९४ सेंटिमीटर. १० सेंटिमीटरच्या बोन असतील तर एका वेढ्यात नऊ-साडेनऊ बोन, म्हणजे दर सांध्याला ३८ अंशांचं वळण. जाड शरीराला ते झेपत नाही. ५ सेंटिमीटरच्या ४८ बोन केल्या तर सांध्याला १९ अंश येतात आणि वजन नीट असेल तर मेश गोल दिसते.

कंट्रोलही वाढवावे लागतात. एक वेढा गोल दिसायला सहा ते आठ बिंदू लागतात, आपल्या अख्ख्या सापालाच सात आहेत. दोन-अडीच वेढे घालणारा साप हवा असेल तर पंधरा-वीस कंट्रोलांची तयारी ठेवा, आणि त्यांना हलवणारे दोन-तीन मोठे कंट्रोल वर द्या, नाहीतर अॅनिमेटर थकून जाईल. हे काम म्हणजे साखळी, कर्व्ह, हुक आणि वजन सगळं नव्याने. म्हणूनच ही तपासणी इतकी खाली आहे.

## ९. एक फ्रेम उशीर

साखळी उशिरा हलते किंवा रेंडर वेगळं येतं तेव्हा कन्सोल उघडा. विंडोजवर `Window` मेनूत `Toggle System Console`. तिथे `Dependency cycle detected` दिसलं तर रिगमध्ये गोल फिरणारं अवलंबित्व आहे. साखळी कर्व्हवर अवलंबून, कर्व्ह हुकांवर, हुक कंट्रोलांवर, आणि तो कंट्रोल पुन्हा साखळीतल्या बोनवर. ब्लेंडरला मोजणी कुठून सुरू करावी कळत नाही, तो हे वर्तुळ कुठेतरी तोडतो आणि त्या ठिकाणी मागच्या फ्रेमचं उत्तर वापरलं जातं.

तीन जागा पाहा. कोणताही कंट्रोल साखळीतल्या बोनचा अपत्य नसावा. कर्व्ह ऑब्जेक्ट साखळीतल्या बोनला जोडलेली नसावी. कोणताही हुक साखळीतल्याच बोनला लागलेला नसावा. पाचव्या तपासणीतली स्क्रिप्ट हुकांची नावं दाखवते, त्यात साखळीचं नाव दिसलं तर तोच दोषी. संदेशात वस्तूंची आणि बोनांची नावं ओळीने येतात. ती कागदावर बाणांनी मांडली की वर्तुळ कुठे बंद होतं ते दिसतं.

## कुठे थांबायचं

फाइलमध्ये पूर्ण झालेलं अॅनिमेशन असेल आणि उपाय म्हणून स्केल लावणं, बोनांची संख्या बदलणं किंवा विश्रांती अवस्था हलवणं आवश्यक ठरत असेल, तर स्वतः करू नका. असं काम जाणणारा रिगर जुन्या रिगवरची हालचाल नव्यावर उतरवू शकतो. हाताने केलेल्या दुरुस्तीत ती बहुतेक वेळा जाते.

रिग दुसऱ्या फाइलमधून लिंक होऊन आलेला असेल तर तो ज्याने बनवला त्याच्याकडेच जा. तुमच्या फाइलमध्ये केलेली मलमपट्टी मूळ रिग बदलला की निघून जाऊ शकते, आणि बाकी शॉटमध्ये दोष तसाच राहतो.

गेम इंजिनसाठी काम असेल तर स्प्लाइन आयके तिकडे जात नाही, हे गृहीत धरून चला. `Bake Action` मध्ये `Visual Keying` चालू करून हालचाल बोनांवर उतरवावी लागते. ती मूळ फाइलच्या प्रतीवर करा. `Fit Curve` आणि `Volume Preservation` दोन्ही वापरलेले असतील तर पालक बोनचं असमान स्केल पुढच्या फिरलेल्या बोनमध्ये तिरकेपणा आणतं, आणि जागा, फिरणं, स्केल एवढ्यावर चालणाऱ्या इंजिनला तो मांडता येत नाही. एक्स्पोर्ट केलेला ऑक्टोपस ब्लेंडरमधल्यापेक्षा वेगळा दिसत असेल आणि स्केलचे दोन्ही मोड `None` केल्यावर फरक नाहीसा होत असेल, तर कारण हेच आहे. ताण ठेवूनच इंजिनमध्ये न्यायचा असेल तर बोनांची पालक-अपत्य रचनाच बदलावी लागते, आणि ते काम इंजिनसाठी रिग बनवणाऱ्या माणसाकडे द्या.